मेणबत्तीचा घरगुती उद्योग : एका मिलिमीटरचा हिशेब

दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास धर्मग्रामांतील बचत गटांच्या भगिनी आमच्याकडे एक प्रश्न घेऊन येतात : ‘फादर, घरबसल्या करता येईल असा उद्योग सुचवा, अगरबत्ती करावी की मेणबत्ती?’ प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. गेल्या काही वर्षांत असे उद्योग सुरू झालेले आम्ही पाहिले, तसेच दोन-तीन वर्षांत बंद पडलेलेही पाहिले. बंद पडलेल्यांपैकी एका गटाची वही आम्हांला तपासावयास मिळाली. त्या वहीने आम्हांला जे शिकविले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

अगरबत्ती की मेणबत्ती?

प्रथम या निवडीचा विचार करू. अगरबत्तीसाठी बांबूची काडी, कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी झाडाच्या सालीची पूड, जिला बाजारात ‘जिगट’ म्हणतात, इतका कच्चा माल लागतो. या पुडींत पाणी घालून त्यांचा घट्ट लगदा करतात आणि हाताने किंवा यंत्राने तो काडीवर चढवितात. यंत्र पायाने चालणारे असो की विजेवर, त्यातून निघणारी काडी ओलीच असते. ती सावलीत, खेळत्या हवेत, पातळ थर पसरून वाळवावी लागते. कडक उन्हात घाईने वाळविल्यास काडी वाकते व मसाल्याला भेगा पडतात. ओलसर राहिल्यास तिला बुरशी लागते आणि पेटविल्यावर ती मध्येच विझते. पूर्ण वाळल्यावरच सुगंधी द्रव्याचा हात फिरविता येतो.

आता वसईच्या किनारपट्टीचा विचार करावा. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की घरात धुतलेले कपडेसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाहीत. या चार महिन्यांत अगरबत्ती वाळवायची तर स्वतंत्र खोली, फळ्यांच्या किंवा जाळीच्या मांडण्या, पंखे व प्रसंगी गरम हवेची सोय हवी. ज्यांच्याकडे अशी जागा आहे, त्यांनी हा उद्योग अवश्य करावा. परंतु दोन खोल्यांच्या घरात, पडवीत किंवा गटाच्या लहानशा खोलीत काम करणाऱ्यांसाठी वाळवण हाच मोठा अडसर ठरतो.

मेणबत्तीला वाळवण नसते. मेण वितळते, साच्यात ओतले जाते, थंड होते आणि काम संपते. शिवाय मोडलेली मेणबत्ती पुन्हा वितळविता येते. त्यात वात आणि मेहनत तेवढी वाया जाते. म्हणून आमच्या भागात, कमी जागेत, पावसाळ्यातच काम सुरू करावयाचे असेल तर आम्ही मेणबत्तीचीच शिफारस करतो. या लेखाचा उर्वरित भाग तिच्याविषयीच आहे.

कच्चा माल : मेण, स्टिअरिक आणि वात

बाजारात मेणबत्तीसाठी मिळणारे मेण बहुतेक पॅराफिन असते. ते मधमाशीचे नसते; खनिज तेल शुद्ध करताना ते निघते. आसामातील दिग्बोई व नुमालीगड येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत ते तयार होते, आणि परदेशातूनही येते. ते शुभ्र लाद्यांच्या किंवा दाण्यांच्या रूपात पोत्यांतून मिळते. खरेदी करताना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, मेण कोणत्या तापमानाला वितळते? आपल्या उन्हाळ्यासाठी ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारे मेण योग्य. त्याहून कमी अंशाचे मेण स्वस्त मिळते, पण त्याच्या मेणबत्त्या मे महिन्यात वाकतात. दुसरी, त्यात तेलाचे प्रमाण किती? पूर्ण शुद्ध केलेल्या मेणात ते अर्ध्या टक्क्याहून कमी असते. तेल जास्त असलेले मेण बोटांना तेलकट लागते, कागदावर ठेवल्यास डाग पडतो आणि त्याची मेणबत्ती मऊ राहते व धूर करते. कागदाचा एक तुकडा खिशात ठेवून दुकानात जावे; ही परीक्षा कुणालाही करता येते.

दुसरा पदार्थ स्टिअरिक ॲसिड. नाव भीतीदायक असले तरी हा चरबीपासून किंवा वनस्पती तेलापासून मिळणारा पांढरा, मेणासारखा पदार्थ आहे. शंभर किलो मेणात पाच ते दहा किलो या प्रमाणात तो घालतात. त्याने मेणबत्ती कडक व दुधी पांढरी होते, थंड होताना नीट आकसते आणि साच्यातून सहज सुटते.

तिसरी गोष्ट वात, आणि नवशिके सर्वाधिक दुर्लक्ष तिच्याकडेच करतात. वात सुती व विणलेली असावी. विणलेली वात जळताना किंचित वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येते आणि तेथे ते पूर्ण जळून जाते. नुसता पिळलेला दोरा सरळ उभा राहतो, त्याच्या टोकाला काजळीचा गोळा जमतो आणि ज्योत धूर करू लागते. वातीची जाडी मेणबत्तीच्या जाडीशी जुळावी लागते. वात जाड झाली तर ज्योत उंच व धुरकट होते आणि मेण भराभर गळते. बारीक झाली तर ती वितळलेल्या मेणात बुडून विझते. कोणती वात घ्यावी हे पुस्तकातून कळत नाही. दोन-तीन जाडीच्या वाती थोड्या थोड्या आणून आपल्याच साच्यातून मेणबत्त्या काढाव्यात आणि वारा नसलेल्या खोलीत त्या शेवटपर्यंत जाळून पाहाव्यात. जिची ज्योत शांत राहते, जिच्याभोवती मेणाची लहानशी वाटी भरलेली राहते पण ओसंडत नाही, ती वात आपली.

यंत्र म्हणजे साचा

‘मेणबत्तीचे यंत्र’ असे आपण म्हणतो खरे, पण सुरुवातीला लागणारे यंत्र म्हणजे ॲल्युमिनियमचा हाताने चालविण्याचा साचा. तो वहीसारखा दोन भागांत उघडतो. दोन्ही भागांत अर्धगोल खाचा असतात. साचा मिटला की त्यांच्या नळ्या होतात. वात आकड्यांवरून सलग फिरवून प्रत्येक नळीच्या मध्यातून ताणून घेतात, साचा मिटून चाप घट्ट करतात आणि वरच्या पन्हाळीतून मेण ओततात. एका वेळी दोन-तीन डझन मेणबत्त्या निघतील असे साचे काही हजार रुपयांत मिळतात. पाण्याच्या टाकीसह येणारी, एका वेळी शेकडो नग देणारी मोठी यंत्रेही आहेत; परंतु आपला माल किती खपतो हे कळल्यावाचून ती घेऊ नयेत.

साचा निवडताना बहुतेक जण तो किती नगांचा आहे हे पाहतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे नळीची रुंदी, आणि येथेच आम्ही त्या गटाच्या वहीकडे वळतो.

एका गटाची वही

सहा भगिनींचा हा गट. दफनभूमीत २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, लावल्या जाणाऱ्या साध्या पांढऱ्या मेणबत्त्या त्या करीत. लांबी १५ सेंटिमीटर, दहा नगांचे पाकीट. साचा विकणाऱ्याने त्यांना सांगितले होते की एक मेणबत्ती १५ ग्रॅमची होते. त्या आकड्यावर त्यांनी भाव ठरविला. माल चांगला होता, विक्रीही झाली. पण वर्षाअखेर हाती काही उरले नाही. परस्परांवर संशय घेण्यापर्यंत मजल गेली. पैसे कुणी घेतले, हा प्रश्न उघडपणे विचारला गेला, आणि दोघी बहिणींमधील बोलणे थांबले.

वही तपासताना आम्ही त्यांना उरलेल्या मालातील दहा मेणबत्त्या तराजूत टाकावयास सांगितल्या. वजन १५० ग्रॅम भरावयास हवे होते. भरले १८० ग्रॅम. पैसे कुणीच घेतले नव्हते. ते मेणबत्तीतच होते.

असे का झाले? १५ सेंटिमीटर लांब आणि १२ मिलिमीटर जाड मेणबत्तीत सुमारे १७ घन सेंटिमीटर मेण मावते. पॅराफिन पाण्याहून हलके असल्याने त्याचे वजन साधारण १५ ग्रॅम होते. हीच जाडी १३ मिलिमीटर झाली तर मेण सुमारे २० घन सेंटिमीटर लागते आणि वजन १८ ग्रॅमच्या घरात जाते. जाडी एका मिलिमीटरने वाढली, पण मेण सहाव्या हिश्श्याहून अधिक वाढले. कारण जाडी वाढते तेव्हा मेण सर्व बाजूंनी वाढते. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला हा फरक दिसत नाही व त्यासाठी ते एक पैसाही जास्त देत नाही.

आता रुपयांत पाहू. पुढील दर केवळ समजण्यासाठी धरले आहेत; खनिज तेलाबरोबर मेणाचा भाव वरखाली होत असतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या खरेदीच्या पावतीवरील दर घालावेत. ५० किलो मेण १३० रुपये दराने ६,५०० रुपये. अडीच किलो स्टिअरिक १५० रुपये दराने ३७५ रुपये. एकूण साडेबावन्न किलो माल ६,८७५ रुपयांचा. त्यातील दोन टक्के सांडण्यात, भांड्याला चिकटण्यात जातात असे धरू. उरलेल्या मेणातून १५ ग्रॅमच्या सुमारे ३,४०० मेणबत्त्या, म्हणजे ३४० पाकिटे निघतात. वात ३४० रुपये, पाकीट व लेबल प्रत्येकी अडीच रुपये म्हणजे ८५० रुपये, इंधन २०० आणि ने-आण ५०० रुपये. असा एकूण खर्च ८,७६५ रुपये. पाकिटावर छापील किंमत ५० रुपये, दुकानदाराला ४० रुपयांत. येणे १३,६०० रुपये. शिल्लक ४,८३५ रुपये.

परंतु ही शिल्लक म्हणजे नफा नव्हे. एवढ्या मेणबत्त्या करून बांधण्यास सर्वांचे मिळून सुमारे ५० तास लागतात. तासाला ६० रुपये धरले तर मजुरी ३,००० रुपये. ती वजा जाता १,८३५ रुपये खरा नफा. घरच्या बाईच्या कष्टाला किंमत न लावता काढलेला नफा हा हिशेब नव्हे, ती फसवणूक आहे, आणि ती बहुधा आपण आपलीच करतो.

आता तीच मेणबत्ती १८ ग्रॅमची झाली तर? तेवढ्याच मेणातून सुमारे २,८५० नग, म्हणजे २८५ पाकिटे निघतात. येणे ११,४०० रुपये. वात, वेष्टन थोडे कमी लागून खर्च सुमारे ८,५७० रुपये. मजुरी सुमारे २,५२० रुपये. उरले अवघे ३१० रुपये. त्यात एखाद्या दुकानदाराने आठ पाकिटांचे ३२० रुपये बुडविले की नफा संपून तोटा सुरू झाला. गटाचे नेमके हेच झाले होते.

म्हणून साचा घेताना विक्रेत्याच्या शब्दावर न जाता त्या साच्यातून काढलेल्या दहा मेणबत्त्या तोलून पाहाव्यात आणि मगच पैसे द्यावेत. साचा घरी असेल तर आजच दहा नग तोलावेत. वजन जास्त भरले तर साचा फेकून देण्याची गरज नाही. मेणबत्तीची लांबी कमी करावी किंवा त्या वजनाप्रमाणे भाव ठरवावा. त्या गटाने लांबी साडेबारा सेंटिमीटर केली, तेव्हा वजन पुन्हा १५ ग्रॅमवर आले. पाकिटावर लेबल बदलावे लागले, एवढेच. दोघी बहिणी आज पुन्हा एकाच साच्यावर काम करतात.

वितळविणे आणि ओतणे

मेण थेट आचेवर कधीही वितळवू नये. मोठ्या टोपात पाणी घेऊन त्यात मेणाचे पातेले ठेवावे. पाणी उकळले तरी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेण सुरक्षित राहते. थेट आचेवर मात्र मेण हळूहळू तापत राहते, त्याची वाफ निघू लागते आणि ती वाफ पेट घेते. पेटलेल्या मेणावर पाणी ओतणे हा सर्वांत घातक प्रकार होय : पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण चहूकडे उडते. अशा वेळी गॅस बंद करून पातेल्यावर घट्ट झाकण घालावे. त्यासाठी पातेल्याच्या मापाचे झाकण आणि वाळूची बादली हाताशी असल्याशिवाय शेगडी पेटवू नये. मेण आचेवर असताना कुणी जागा सोडू नये, आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

ओतताना मेण सुमारे ७० ते ८० अंशांवर असावे. त्यासाठी एक साधा तापमापक घ्यावा; अंदाजाने काम केले तर रोजचा माल वेगवेगळा निघतो. मेण फार थंड असेल तर मेणबत्तीच्या अंगावर आडव्या रेघा उमटतात. फार गरम असेल तर ते थंड होताना जास्त आकसते आणि वरच्या टोकाला वातीभोवती खळगा किंवा आतमध्ये पोकळी राहते. ही पोकळी बाहेरून दिसत नाही. मेणबत्ती जळता जळता अचानक ज्योत खाली जाते व विझते, आणि दुकानदाराकडे तक्रार येते. उपाय सोपा आहे. पन्हाळीत मेण भरपूर ठेवावे, म्हणजे आकसताना ते वरून आत ओढले जाते, आणि खळगा दिसताच थोडे मेण पुन्हा ओतावे. घट्ट झाल्यावर पन्हाळीतील मेण कापून परत पातेल्यात टाकावे.

साचा पाण्याच्या परातीत ठेवून थंड करतात. पाणी साधे असावे. घाईपोटी बर्फाचे पाणी वापरले तर मेणबत्तीला बारीक चिरा जातात. मेणबत्ती साच्याला चिकटत असेल तर एक तर ती पुरती थंड झालेली नाही, किंवा साच्याला तेलाचा हात लागलेला नाही. तेल मात्र बोटभर फडक्याने पुसल्याइतकेच. जास्त झाले तर अंगावर डाग दिसतात. वात मध्यावर नसेल तर मेणबत्ती एका बाजूने जळून गळते. म्हणून चाप लावण्यापूर्वी प्रत्येक वात ताणलेली आहे ना, हे बोटाने छेडून पाहावे.

दर दिवशीच्या मालातील दोन मेणबत्त्या बाजूला काढून जाळून पाहाव्यात आणि किती वेळ जळल्या ते वहीत लिहावे. १५ ग्रॅमची चांगली मेणबत्ती वारा नसताना साधारण दोन-अडीच तास चालते. एखाद्या दिवशी ती दीड तासातच संपली तर वात जाड आली आहे किंवा मेणात तेल जास्त आहे, हे माल दुकानात जाण्यापूर्वीच कळते.

जागा

मेणबत्तीला वाळवण लागत नसले तरी ठेवण्यास जागा लागते, आणि ती थंड असावी लागते. साच्यातून काढलेला माल लगेच पाकिटात भरू नये. सपाट फळीवर एका थरात रात्रभर आडवा पसरावा. आतील उष्णता निघून गेली की मगच पाकीट बांधावे. गरम माल बांधला तर मेणबत्त्या एकमेकींना चिकटतात. खोकी भिंतीपासून दूर, आडवी रचावीत. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात माल ठेवू नये. मेण वितळण्याइतके तापमान तेथे होत नाही, पण ते मऊ होते आणि वरच्या खोक्यांच्या वजनाने खालच्या मेणबत्त्या वाकतात. वाकलेली मेणबत्ती कुणी घेत नाही. मेणाचे पाणी मोरीत ओतू नये. ते थंड होऊन नळी बंद करते.

दुकानदाराशी व्यवहार

मेणबत्तीचा खप वर्षभर सारखा नसतो. आपल्या समाजात २ फेब्रुवारीला मेणबत्त्यांचा आशीर्वाद, पुनरुत्थानाचे जागरण, गावोगावचे सण व नोव्हेना, २ नोव्हेंबर आणि नाताळ, असे तिचे दिवस आहेत. दिवाळीचीही मागणी असते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने २ नोव्हेंबर हे आपले पहिले उद्दिष्ट धरावे. त्यासाठी जुलैत साचा व वाती आणून परीक्षा कराव्यात, ऑगस्ट-सप्टेंबरात माल करावा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुकाने गाठावीत. ऑक्टोबरच्या शेवटी गेल्यास दुकानदाराने कारखान्याचा माल भरलेला असतो. मोठ्या धर्मस्थळांजवळील, वांद्रे व माहीम येथील मेणबत्तीवाल्यांकडे सुरुवातीलाच धाव घेऊ नये. तेथील घाऊक व्यवहार मोठ्या प्रमाणात व किलोच्या भावाने चालतो. आपला लहान गट त्यात टिकणार नाही. आपल्या धर्मग्रामातील व शेजारच्या दोन गावांतील दहा-बारा दुकाने पुरेशी आहेत.

दुकानदार पहिल्याच भेटीत म्हणतो, ‘ठेवून जा ताई, विकले की पैसे देतो.’ हे वाक्य गोड असते, पण त्यात जोखीम सारी आपली असते. आपला पैसा ऑगस्टमध्ये मेणात गुंतला, माल ऑक्टोबरमध्ये दिला आणि वसुली डिसेंबरात झाली, तर नाताळच्या मालासाठी मेण आणणार कशाने? म्हणून काही नियम सुरुवातीलाच ठरवावेत. पहिल्या वेळी कुणालाही दहा पाकिटांहून अधिक उधार देऊ नये. रोख घेणाऱ्याला पाकिटामागे दोन रुपये सूट द्यावी. ३८ रुपये आज हाती आलेले, ४० रुपये तीन महिन्यांनी मिळण्याहून बरे. आठवड्याचा एक ठरलेला वार धरून त्याच वारी फेरी मारावी, आणि आधीच्या मालाचे पैसे हाती आल्यावरच नवा माल द्यावा. प्रत्येक दुकानासाठी वहीत स्वतंत्र पान ठेवून, माल देताना दुकानदाराची सही घ्यावी. तुटलेली पाकिटे मात्र विनातक्रार बदलून द्यावीत. ते मेण आपल्याच पातेल्यात परत येते, आणि दुकानदाराचा विश्वास कमावला जातो.

बंद पाकिटावर करणाऱ्याचे नाव व पत्ता, मालाचे नाव, आतील प्रमाण, तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे कायद्याने आवश्यक आहे. हे छापलेले नसेल तर चांगला दुकानदार माल घेत नाही. कराबाबत एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या लहान उत्पादकांची विक्री महाराष्ट्रातच होते व वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत आहे, त्यांना सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. परंतु मेण घेताना त्यावर भरलेला १८ टक्के कर नोंदणीवाचून परत मिळत नाही. म्हणून मेणाचा दर धरताना कर धरूनच धरावा. व्यापारी ११० रुपये सांगतो तेव्हा पावती १३० रुपयांची होते, हे पुष्कळ जण विसरतात.

काही माल थेट विकता आला तर हिशेब सुधारतो. वरील ३४० पाकिटांपैकी १०० पाकिटे गटाने स्वतः, फादरांच्या परवानगीने चर्चच्या आवारात ५० रुपयांनी विकली, तर दुकानदाराचे दहा रुपये वाचून १,००० रुपये अधिक मिळतात. मात्र अशी विक्री वर्षातील मोजक्या दिवशीच होते. बाकीचे दिवस दुकानदारच आपला माल खपवितो. चर्चच्या आवारात ४० रुपयांना विकून त्याचे गिऱ्हाईक तोडू नये.

अखेरीस, ज्यांना हा उद्योग सुरू करावयाचा आहे त्यांनी एकदम ५० किलोचे पोते आणू नये. पाच किलो मेण, पाव किलो स्टिअरिक, दोन जाडीच्या वाती आणि एक लहान साचा एवढ्यावर आरंभ करावा. त्यातून १५ ग्रॅमच्या सुमारे साडेतीनशे मेणबत्त्या निघाल्या पाहिजेत. तीनशेच्याही खाली निघाल्या, तर दुकानदाराकडे जाण्यापूर्वी तराजूकडे जावे. मेण कोठे जात आहे ते तेथे कळेल, आणि गटातील कुणाकडेही संशयाने पाहण्याची वेळ येणार नाही.